शेवटी गॅप १ करायचाच आहे, तर शेल सॉर्टमधल्या आधीच्या फेऱ्या कशासाठी?

प्रश्न: शेल सॉर्ट म्हणजे इन्सर्शन सॉर्टच, फक्त गॅप मोठ्यापासून कमी करत १ वर आणायचा, एवढं कळलं. पण शेवटच्या फेरीत गॅप १ असतो, म्हणजे तिथे अख्खा इन्सर्शन सॉर्ट चालतोच. मग आधीच्या फेऱ्या हे वरचं जास्तीचं काम झालं ना? "दूरचे घटक पटकन जागेवर जातात" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण त्याने एकूण काम कमी कसं होतं हे कोणी सांगत नाही.

उत्तर:

शेवटची फेरी हा अख्खा इन्सर्शन सॉर्ट असतो, हे अगदी खरं आहे. फक्त इन्सर्शन सॉर्टला किती काम पडेल हे घटक किती आहेत यापेक्षा ते किती विस्कटलेले आहेत यावर ठरतं. हा विस्कट मोजायची एक सोपी रीत आहे. ती एकदा हातात आली की बाकीचा हिशोब आपोआप सुटतो.

अ‍ॅरेतल्या कोणत्याही दोन जागा घ्या. डावीकडे मोठा आकडा आणि उजवीकडे लहान असेल तर ती उलटी जोडी. दोन आकडे शेजारी असायची गरज नाही. क्रम पूर्ण लागलेल्या अ‍ॅरेत अशा जोड्या शून्य असतात. नेमक्या उलट्या क्रमाच्या अ‍ॅरेत त्या n(n-1)/2 असतात, आणि कशाही मिसळलेल्या अ‍ॅरेत सरासरी त्याच्या निम्म्या.

साधा इन्सर्शन सॉर्ट एका वेळी एक घटक एक घर सरकवतो. तो सरकताना फक्त त्या दोन शेजाऱ्यांचा आपसातला क्रम बदलतो, बाकी कोणाचाही कोणाशी असलेला क्रम बदलत नाही. म्हणजे एका हालचालीत नेमकी एक उलटी जोडी सुटते, ना कमी ना जास्त. पन्नास उलट्या जोड्या असतील तर पन्नास हालचाली होणार, त्यातून सुटका नाही. इन्सर्शन सॉर्टचं दुखणं हेच आहे. शेवटच्या घरात बसलेला सगळ्यात लहान आकडा पहिल्या घरात जायचा तर वाटेतल्या प्रत्येकाला ओलांडत, एकेक घर करतच जाणार.

आता हेच गॅप ४ ठेवून करू. चार घरांवरचे दोन आकडे, डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. त्यांची अदलाबदल केली. मध्ये तीन आकडे आहेत, आणि त्यांनी जागा सोडलेली नाही. त्या तिघांपैकी एखादा आकडा किमतीने या दोघांच्या मधला असेल, तर तो आधी दोघांशीही उलटा होता: डावीकडचा त्याच्यापेक्षा मोठा, उजवीकडचा त्याच्यापेक्षा लहान. अदलाबदलीनंतर दोन्ही जोड्या सरळ झाल्या. मधला आकडा दोघांपेक्षा मोठा किंवा दोघांपेक्षा लहान असेल तर आधीही एक जोडी उलटी होती आणि नंतरही एकच राहते, म्हणजे त्याच्या बाबतीत फरक शून्य. थोडक्यात, गॅप h ची एक हालचाल कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त 2h-1 उलट्या जोड्या सोडवते. गॅप ४ असेल तर सातपर्यंत. तोटा कधीच होत नाही, वाईटात वाईट म्हणजे साध्या इन्सर्शन सॉर्टएवढंच पदरात पडतं.

बारा आकडे घेऊन हे करून पाहू. कागदावर माझ्याबरोबर केलंत तर जास्त चांगलं.

```
९ ११ ७ १२ ५ ८ १० २ ६ १ ४ ३
```

यात उलट्या जोड्या ५० आहेत (९ च्या उजवीकडे त्याच्यापेक्षा लहान आठ, ११ च्या उजवीकडे नऊ, असं मोजत जा). म्हणजे साध्या इन्सर्शन सॉर्टला इथे ५० हालचाली.

कोड असा:

```c
void shell_sort(int a[], int n)
{
    int h = 1;
    while (h < n / 3) h = 3 * h + 1;
    for (; h >= 1; h /= 3) {
        for (int i = h; i < n; i++) {
            int x = a[i], j = i;
            while (j >= h && a[j - h] > x) {
                a[j] = a[j - h];
                j -= h;
            }
            a[j] = x;
        }
    }
}
```

१२ घटकांसाठी गॅप निघतात ४ आणि १. घरांचे नंबर ० पासून धरू. गॅप ४ ची फेरी `i` ४ असताना सुरू होते. ५ ची तुलना चार घरं मागच्या ९ शी होते आणि ५ पुढे येतो. मध्ये ११, ७ आणि १२ होते, त्यातला फक्त ७ हा ५ आणि ९ च्या मधला. म्हणून या एका हालचालीत तीन जोड्या सुटल्या. पुढे ८ ने ११ ला मागे टाकलं, तिथेही तीन. मग १० ची पाळी, त्याच्या मागे ७ आहे, काही करायचं नाही. आता अ‍ॅरे असा दिसतो:

```
५ ८ ७ १२ ९ ११ १० २ ६ १ ४ ३
```

`i` ७ वर आला. तिथे २ आहे आणि चार घरं मागे १२. मधले ९, ११, १० हे तिघेही २ आणि १२ च्या मधले. अदलाबदल झाली आणि एका झटक्यात सात जोड्या सुटल्या. साध्या इन्सर्शन सॉर्टने या सात जोड्यांसाठी सात वेगळ्या हालचाली केल्या असत्या.

लगेच पुढची हालचाल मात्र कंजूस निघते. ६ ने ९ ला ओलांडलं, पण मध्ये ११, १० आणि १२ होते, एकही ६ आणि ९ च्या मधला नाही. सुटली एकच जोडी. मोठा गॅप म्हणजे प्रत्येक वेळी मोठी कमाई, असं नाही. सरासरीने मात्र तो फायद्यात राहतो, कारण सुरुवातीला अ‍ॅरे खूप विस्कटलेला असताना दूरच्या दोन चुकीच्या आकड्यांच्या मधल्या किमतीचे आकडे तिथे पडलेले असण्याची शक्यता बरीच असते.

मग १ ची पाळी. तो नवव्या घरातून पाचव्यात आणि पाचव्यातून पहिल्यात येतो. आठ घरांचा प्रवास दोन उड्यांत झाला, आणि त्या दोन उड्यांत ५ आणि ७ अशा बारा जोड्या सुटल्या. ४ सुद्धा दोन उड्यांत दुसऱ्या घरात येतो, ३ एका उडीत सातव्यात. फेरी संपल्यावर:

```
५ १ ४ २ ६ ८ ७ ३ ९ ११ १० १२
```

आतापर्यंत हालचाली झाल्या ९. उलट्या जोड्या उरल्या ११. नऊ हालचालींत ३९ जोड्या सुटल्या. गॅप १ च्या शेवटच्या फेरीला फक्त त्या अकरा जोड्या सोडवायच्या आहेत, म्हणजे अकरा हालचाली. एकूण २०, साध्या इन्सर्शन सॉर्टच्या ५० पुढे. तुम्ही ज्याला जास्तीचं काम म्हणता, त्या नऊ हालचालींनी शेवटच्या फेरीच्या एकोणचाळीस हालचाली वाचवल्या.

अ‍ॅरेकडे नजर टाकली तरी हे दिसतं. लहान आकडे डाव्या बाजूला गोळा झालेत, मोठे उजवीकडे, आणि जवळपास कोणीही आपल्या घरापासून फार लांब नाही. सगळ्यात लांब आहेत ते ५ आणि ३, तेसुद्धा चार आणि पाच घरांवरच.

इथे एक शंका यायला हवी. अ‍ॅरे मोठा असला की याच कोडमध्ये गॅप ४ च्या आधी गॅप १३ ची फेरी होते. गॅप १३ ने लावलेला क्रम पुढे गॅप ४ ची फेरी बिघडवणार नाही कशावरून? ती तर आकडे वेगळ्याच जागांवरून हलवते. बिघडवत असती तर सगळा डाव फसला असता. पण ती बिघडवत नाही, आणि यामागचं कारण मला या सॉर्टमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. दोन रांगा घ्या. पहिल्या रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्या रांगेतल्या आपल्या जोडीदारापेक्षा बुटका किंवा तेवढाच उंच आहे. आता दोन्ही रांगा आपापल्या आत उंचीप्रमाणे लावा. जोडीदार बदलले, तरी पहिल्या रांगेतला पाचवा दुसऱ्या रांगेतल्या पाचव्यापेक्षा उंच होऊच शकत नाही. कारण दुसऱ्या रांगेतला पाचवा धरून त्याच्याएवढे किंवा त्याच्यापेक्षा बुटके असे तिथे पाच जण आहेत, आणि त्या पाचांचे जुने जोडीदार पहिल्या रांगेत आहेत, तेही सगळे त्याच्यापेक्षा जास्त उंच नाहीत. म्हणजे पहिल्या रांगेत निदान पाच जण त्याच्या उंचीच्या आत आहेत, मग तिथला पाचवाही आतच. शेल सॉर्टमध्ये चार-चार घरांवरच्या आकड्यांची एक साखळी होते; गॅप ४ च्या या साखळ्या म्हणजे या रांगा आणि १३ घरांवरचे दोन आकडे म्हणजे जोडीदार. टोकाला काही बिनजोडीचे राहतात, त्यांचा हिशोब थोडा काळजीने करावा लागतो, पण गाभा हाच. आधीच्या गॅपचा क्रम पुढच्या फेरीतही टिकतो.

आता याचा परिणाम बघा. १३ आणि ४ या दोन्ही फेऱ्या झाल्यावर, ४ घरांवरचा आणि १३ घरांवरचा आकडा सरळ क्रमात आहे हे नक्की. मग १७ घरांवरचाही आहे, कारण १७ म्हणजे १३ अधिक ४. तसंच ८, १२, २१, ३० वगैरे, म्हणजे चार-चार आणि तेरा-तेराच्या उड्या मारत जिथे जिथे पोचता येतं ते प्रत्येक अंतर. न पोचता येणारी अंतरं किती आहेत? १, २, ३, ५, ६, ७, ९, १०, ११, १४, १५, १८, १९, २२, २३, २७, ३१ आणि ३५. एवढीच, मोजून १८. ३६ पासून पुढचं प्रत्येक अंतर जुळतं.

म्हणून गॅप १ च्या फेरीत कोणत्याही आकड्याला त्याच्या डावीकडच्या जास्तीत जास्त १८ आकड्यांना ओलांडावं लागेल. अ‍ॅरे शंभराचा असो की दहा लाखांचा, तो १८ बदलत नाही. दहा लाख घटकांची शेवटची फेरी वाईटात वाईट १ कोटी ८० लाख हालचालींत संपते. तेच दहा लाख घटक मिसळलेल्या अवस्थेत थेट इन्सर्शन सॉर्टला दिले तर सरासरी सुमारे २५,००० कोटी हालचाली लागतील. तुमच्या प्रश्नातला "अख्खा इन्सर्शन सॉर्ट" इथे इतका स्वस्त होतो, तो आधीच्या फेऱ्यांमुळे. आणि १३ ची फेरीही अशीच तिच्या आधीच्या ४० आणि १२१ च्या जिवावर स्वस्त झालेली असते.

इथे मी १३ आणि ४ घेतले, ८ आणि ४ नाही, हे लक्षात आलं असेल. डोनाल्ड शेल यांनी १९५९ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा गॅप दर वेळी निम्मा करायचा असा नियम होता, आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अजून तोच असतो. समजायला सोपा आहे, पण घटकांची संख्या १६ किंवा १०२४ सारखी दोनचा घात असली की तो सपशेल गोत्यात येऊ शकतो. हा अ‍ॅरे घ्या:

```
१ ९ २ १० ३ ११ ४ १२ ५ १३ ६ १४ ७ १५ ८ १६
```

गॅप ८, ४, २, १. पहिल्या तीन फेऱ्यांत सम घरांची तुलना फक्त सम घरांशी आणि विषमांची विषमांशी होते. दोन्ही गट आतून आधीच क्रमात आहेत, त्यामुळे तिन्ही फेऱ्यांत एकही हालचाल होत नाही. सगळ्या २८ उलट्या जोड्या जशाच्या तशा शेवटच्या फेरीच्या गळ्यात पडतात. सोळा आकड्यांत २८ म्हणजे काहीच नाही, पण याच आकृतीचा १०,४८,५७६ घटकांचा अ‍ॅरे शेवटच्या फेरीत सुमारे १३,७०० कोटी हालचाली मागतो. गॅप एकमेकांचे गुणक असले की उड्या त्याच त्या घरांवर पडतात आणि १३ आणि ४ ला जो १८ चा बांध मिळाला तो मिळतच नाही.

म्हणून वरच्या कोडमध्ये `3 * h + 1` आहे. त्यातून १, ४, १३, ४०, १२१, ३६४ अशी मालिका निघते. ही डोनाल्ड कनुथ यांची मालिका म्हणून ओळखली जाते, आणि वाईटात वाईट स्थितीतही तिचं काम n च्या दीड घाताच्या प्रमाणात राहतं. bzip2 च्या कोडमध्ये हेच आकडे एका तक्त्यात लिहून ठेवलेले सापडतील. मार्सिन च्युरा यांनी २००१ मध्ये प्रयोग करून काढलेली १, ४, १०, २३, ५७, १३२, ३०१, ७०१ ही मालिका प्रत्यक्षात आणखी चांगली चालते. तिच्यामागे सूत्र नाही, ती चाचण्यांतून निवडलेली आहे. मी स्वतः हजारभर घटकांपर्यंत च्युरा वापरतो, कारण आठ आकड्यांचा तक्ता लिहिणं सूत्र लिहिण्याएवढंच सोपं आहे.

आता तुमच्या शंकेची दुसरी बाजू, जिने मला एकदा चांगलंच लटकवलं होतं. शेवटची फेरी अख्खा इन्सर्शन सॉर्ट असल्यामुळे आधीच्या फेऱ्यांत काहीही चुकलं तरी उत्तर बरोबरच येतं! एका छोट्या उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये नोंदी क्रमाने लावायला मी शेल सॉर्ट लिहिला होता. सगळ्या टेस्ट पास. काही महिन्यांनी नोंदींची मर्यादा वाढवली आणि स्क्रीन अडखळायला लागला. दोन दिवस मी डिस्प्लेच्या कोडमध्ये शोधत बसलो. चूक सॉर्टमध्ये होती, `i` च्या लूपमध्ये मी `i++` च्या जागी `i += h` लिहिलं होतं. लिहिताना ते अगदी बरोबर वाटतं, कारण आपल्या डोक्यात "h-h घरांनी जायचं" हेच असतं. पण त्याने शून्याव्या घरापासूनची एकच साखळी लागते, बाकीच्या साखळ्यांना हातही लागत नाही.

वरच्या बारा आकड्यांवर ही चूक करून पाहा. गॅप ४ च्या फेरीत फक्त ९, ५, ६ ही साखळी लागते, दोन हालचाली होतात आणि उलट्या जोड्या उरतात ४४. एकूण ४६ हालचाली, २० च्या जागी. निकाल तंतोतंत तोच. निकाल तपासणारी कोणतीही टेस्ट हे पकडू शकत नाही. तेव्हापासून मी `a[j] = a[j - h]` या ओळीपाशी एक काउंटर ठेवतो आणि प्रत्येक गॅपची हालचालींची संख्या वेगळी छापून बघतो. सगळं ठीक असेल तर काम फेऱ्यांमध्ये वाटलेलं दिसतं. जवळपास सगळा भार गॅप १ वर पडलेला दिसला, तर एक तर लूप चुकलाय किंवा गॅप एकमेकांचे गुणक आहेत.

याच्या उलट जातीची एक चूक निकालच बिघडवते. गॅप सव्वादोन पटीच्या आसपास कमी करायला काही जण `h = h * 5 / 11` लिहितात. बाराच्या अ‍ॅरेवर यातून ५, मग २, मग थेट ० निघतो. गॅप १ ची फेरी होतच नाही. सम घरं आपापसात क्रमात, विषम आपापसात क्रमात, आणि एकूण अ‍ॅरे "जवळजवळ" लागलेला. घटकांची संख्या बदलली की कधी १ येतो, कधी येत नाही, त्यामुळे चूक अधूनमधून दिसते आणि डोकं खाते. h २ झाला की पुढचा मुद्दाम १ करायचा, नाहीतर सरळ तक्ता वापरायचा.

कुठे वापरू नये तेही सांगतो. समान किल्लीच्या दोन नोंदींचा मूळ क्रम टिकायला हवा असेल तर शेल सॉर्ट चालणार नाही. त्या दोन नोंदी वेगवेगळ्या साखळ्यांत पडल्या तर मागची उडी मारून पुढच्याच्याही पुढे जाऊ शकते, आणि गॅप १ च्या फेरीला त्या समान दिसत असल्याने ती त्यांना परत फिरवत नाही. साध्या इन्सर्शन सॉर्टला हा त्रास नाही. आणि घटक लाखांत गेले की चांगला लिहिलेला क्विक सॉर्ट किंवा मर्ज सॉर्ट पुढे निघून जातो. मोठ्या गॅपच्या उड्या मेमरीत लांब-लांब पडतात, कॅशेला त्या आवडत नाहीत. शेल सॉर्टची खरी जागा म्हणजे जिथे रिकर्शनला स्टॅक नाही, वेगळा बफर घ्यायला मेमरी नाही, घटक काही शे ते काही हजार आहेत, आणि पंधरा ओळींत काम उरकायचं आहे. माझ्या त्या उपकरणात `i++` दुरुस्त केल्यावर तो अजून तसाच चालतोय.